व्हय म्हणायच्या आधी

भागाकारात बाकी उरते तशी अंजू बिरादार उरली. गुलबर्ग्याच्या त्या नर्सिंग कॉलेजनं पहिल्या वॉर्ड-पोस्टिंगसाठी मुलींचे सारखे गट पाडले, गटच्या गट मोठ्यांच्या वॉर्डांत पाठवले आणि शेवटी हिच्या एकटीचं काय करायचं हे कुणालाच सुचेना. मग मॅडमनी यादीवरून मान वर न करता सांगितलं, "तू मुलांच्या वॉर्डात जा." बाकीच्या मुली घोळक्यानं हसत जिना चढल्या. अंजू खालच्या मजल्यावरच्या लांब बोळातून एकटी चालत गेली. नवा पांढरा ड्रेस चालताना करकर वाजत होता, आणि तेवढाच काय तो तिला सोबतीला आवाज.

सीमेवरच्या संतपूरची पोर. दहावीपर्यंत मराठी शाळा. कन्नड येत नव्हतं असं नाही, बाजारापुरतं चांगलं येत होतं. पण बाजारातल्या कन्नडमध्ये भाव करता येतो, मन मोकळं करता येत नाही. हॉस्टेलवर यादगीर-रायचूरकडच्या मुली तिच्या कन्नडची नक्कल करून हसायच्या. त्यात वाईट हेतू नसायचा, पण हसणं ते हसणंच. हळूहळू तिनं बोलणंच कमी केलं. रात्री आईचा फोन आला की "जेवलीस का?" "व्हय." "काय होतं?" "सांबार." एवढ्यावर दोघींचं बोलणं संपायचं, कारण जास्त बोललं तर रडू येईल हे दोन्हीकडं माहीत होतं.

मुलांच्या वॉर्डात पहिले दोन दिवस ती भिंतीला टेकून उभी राहिली. ताप मोज, चादर बदल, आयांना संडासाची वाट दाखव. तिसऱ्या दिवशी एक पोर सलाइनची नळी ओढायला लागलं तेव्हा तिच्या तोंडून अवचित निघून गेलं, "आगं आगं, न्हाई, न्हाई, वढू नको!"

औषधांच्या ट्रॉलीजवळच्या सिस्टरनं झर्रकन मान वळवली.

"कुठली ग तू?"

"संतपूरची."

"आगं माय! मी बाजूच्या कमलनगरची की!"

त्या जगदेवी अक्का. वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या स्टाफ नर्स, पन्नाशीकडं झुकलेल्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात घातलेला. लग्न करून या शहरात आल्या त्याला अर्धं आयुष्य झालं. नवरा कन्नड बोलणारा, मुलं शिकून बंगळूरला, घरात मराठीचं अक्षर नाही. "माहेरची भाषा ह्या तोंडात गंजून गेलती बघ," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून अक्कांनी या पोरीला जवळ केलं. दुपारी डबा उघडला की अर्धी भाकरी मोडून तिच्याकडं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "खा की, लाजायलीस कामून?"

अंजूचं आयुष्य एवढ्यानं पालटलं, आणि यात काडीचीही अतिशयोक्ती नाही. सकाळी डोळा उघडला की आज अक्कांची ड्यूटी आहे का, हा तिचा पहिला विचार असायचा. ज्या दिवशी नसायची, त्या दिवशी ती पुन्हा भिंतीला टेकलेली.

गप्पांना वेळ कुठला? तर औषधांच्या फेरीचा. इथं वॉर्डाची पद्धत समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. लहान मुलाला मोठ्यासारखी एक गोळी, एक इंजेक्शन असं देता येत नाही. त्याचं वजन करायचं, किलोमागं किती मिलिग्रॅम ते डॉक्टर ठरवणार, आणि तेवढं औषध बाटलीतल्या किती मिलिलिटरमध्ये बसतं ते नर्सनं काढायचं. दशांशचिन्ह एक घर सरकलं तरी पोर दगावू शकतं. म्हणून जोखमीच्या औषधांना दोघींनी हिशेब करायचा आणि तक्त्यावर दोघींनी सही करायची, असा नियम ट्रॉलीच्या वर भिंतीवर डकवलेला होता. विद्यार्थिनीनं एकटीनं काही द्यायचं नाही. तिनं औषध तयार करायचं, सिस्टरनं तपासायचं आणि सिस्टरनंच द्यायचं.

पण वॉर्ड मिलिग्रॅममध्ये बोलत नसे. वॉर्ड मिलीत, म्हणजे मिलिलिटरमध्ये बोलायचा. एक पाळी दुसरीला सांगून जायची, "चार नंबरला एक पॉइंट दोन, सातला पॉइंट आठ." बाटल्या नेहमीच्या, आकडे पाठ, आणि माणसं कमी. चाळीस पोरांमागं दोन सिस्टर असल्या की कुणीही असंच बोलेल. त्यांना नावं ठेवणाऱ्यानं एक सकाळ तिथं उभं राहून बघावं.

चार नंबरच्या खाटेवर शैलश्री होती. सव्वा वर्षाची, आठ किलोची, टपोऱ्या डोळ्यांची. लघवीतला जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला, ताप उतरत नव्हता. तिची आई मल्लेश्वरी चिंचोळीकडच्या खेड्यातली, निव्वळ कन्नड बोलणारी. ती दिवसभर पोरीचे तळपाय चोळत बसायची. डॉक्टरांनी अमिकासिन लिहिलं होतं, साठ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी. औषध जालीम. जंतू मारतं, पण मात्रा जास्त झाली तर मूत्रपिंडाला इजा होते आणि कानही जातात, आणि गेलेले कान परत येत नाहीत. हे कॉलेजात घोकून घेतलेलं.

बाटली बोटाच्या पेराएवढी. दोन मिलीत शंभर मिलिग्रॅम. म्हणजे एका मिलीत पन्नास. साठ हवेत तर एक पॉइंट दोन मिली. पहिल्या दिवशी अंजूनं हे तीनदा करून बघितलं होतं आणि अक्कांनी चष्मा लावून तपासलं होतं. मग ते औषध ब्युरेटमध्ये सोडायचं. ब्युरेट म्हणजे सलाइनच्या बाटलीखाली टांगलेली, मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची नळकांडी. तिच्यात सलाइन घालून एकूण तीस मिली करायचं आणि तासाभरात हळूहळू जाऊ द्यायचं, मिनिटाला तीस बारीक थेंब. एकदम दिलं तर धोका, म्हणून हा सगळा खटाटोप.

दुसऱ्या दिवशी अंजूनं दोनदा हिशेब केला. तिसऱ्या दिवशी एकदा. त्यानंतर केलाच नाही, कारण उत्तर माहीत होतं. आता ती नुसतं विचारायची, "अक्का, शैलश्रीचं अमिकासिन, एक पॉइंट दोन ना?" आणि अक्का म्हणायच्या, "व्हय ग."

त्या "व्हय ग" मध्ये काय गोडवा होता हे घर सोडून राहिलेल्यालाच कळेल. खरं सांगायचं तर अंजू मात्रा विचारत नव्हतीच. मी बरोबर आहे ना, मी तुमची आहे ना, एवढंच ती विचारत होती. आणि अक्काही पोरीच्या मायेपोटी व्हय म्हणत होत्या. आपल्याकडच्या माणसाचं काय तपासायचं, असं त्यांनाही वाटायला लागलं होतं.

त्या सकाळी जुना खोका संपला होता. औषधभांडारातून नवा आला, तोच रंग, तेच नाव, तेवढ्याच आकाराच्या बाटल्या. फेरी सुरू झाली आणि अक्कांनी कमलनगरच्या जीपचा विषय काढला. त्यांच्या तरुणपणी एक जीपवाला होता म्हणे, माणसं छपरावर बसल्याशिवाय गाडी हलवायचाच नाही.

"एकदा एक म्हातारं वरडलं, आरं आता तरी सोड! तर हा म्हणतो कसा, मामा, तुमच्या मांडीवर एक जागा हाय की अजून!"

अंजू खुदकन हसली. ओठ दाबले, पण हसू आवरेना. हसत हसत तिनं खोक्यातली बाटली काढली, झाकण उडवलं, रबर स्पिरिटनं पुसलं, सुईनं औषध ओढलं, सिरिंज उजेडात धरून बुडबुडा काढला.

"अक्का, शैलश्रीचं अमिकासिन. एक पॉइंट दोन ना?"

"व्हय ग. आण."

अक्कांनी सिरिंजवरचा आकडा बघितला. एक पॉइंट दोनच होता. तक्त्यावर दोन सह्या पडल्या. अक्कांनी औषध ब्युरेटमध्ये सोडलं, तीस मिलीपर्यंत सलाइन भरलं, थेंब मोजून लावले आणि पलीकडच्या टोकाला एका पोराला दम लागला होता तिकडं गेल्या. अंजू ट्रे आवरायला मागं थांबली.

बाटलीवरचं नाव आणि ताकद तीनदा वाचायची, असं कॉलेजात शिकवलेलं: घेताना, औषध ओढताना आणि बाटली टाकताना. पहिली दोन वाचनं जीपवाल्यानं खाल्ली होती. तिसरं तिनं निळ्या डब्यात बाटली टाकण्याआधी नुसत्या सवयीनं केलं.

दोन मिलीत पाचशे मिलिग्रॅम.

तिला आधी वाटलं, आपलं वाचायला चुकतंय. मग वाटलं, बाटली दुसऱ्या कुणाची असेल. मग तिनं खोका बघितला. खोकाभर पाचशेच. एका मिलीत अडीचशे म्हणजे एक पॉइंट दोन मिलीत तीनशे. साठच्या जागी तीनशे. पाचपट.

आणि तरीही, लाज वाटेल पण सांगायलाच हवं, ती क्षणभर तशीच उभी राहिली. तक्त्यावर अक्कांची सही होती. इतक्या वर्षांच्या सिस्टरनं बघितलंय म्हटल्यावर बरोबरच असणार, नाही का? पहिल्याच पोस्टिंगवरच्या पोरीनं जाऊन त्यांना काय सांगायचं, तुम्ही चुकलात? या अख्ख्या शहरात आपलं म्हणावं असं हे एकच माणूस. तेही गेलं तर?

पलीकडं ब्युरेटमध्ये एक थेंब पडला. मग दुसरा.

अंजू धावली. खाटेपाशी जाऊन तिनं नळीवरचं चाक अंगठ्यानं खाली सरकवून पार बंद केलं. थेंब थांबले. ब्युरेटची खूण तिनं डोळ्यात साठवली, सत्तावीसच्या जरा वर. मल्लेश्वरीनं घाबरून कन्नडमध्ये विचारलं, "काय झालं? का बंद केलं?" अंजूच्या तोंडातून सगळी भाषाच गेली होती, कन्नडही आणि मराठीही.

दम लागलेल्या पोराला वाफ लावून अक्का मागं वळत होत्या, तेवढ्यात अंजू समोर जाऊन उभी राहिली. तिला म्हणायचं होतं, अक्का, ही पाचशेची बाटली आहे, आपण जास्त दिलं. पण तेवढ्यात तिला कळलं, की आपण उत्तर सांगितलं की अक्का त्याला व्हय म्हणतील. रोज म्हणतातच. बरोबर सांगितलं तरी व्हय, आणि आपण घाबरून काही भलतंच वाचलं असेल तरी व्हय. तिला आज व्हय नको होतं.

तिनं बाटली पुढं केली.

"अक्का, साठ मिलिग्रॅम पायजे. ह्या बाटलीतून किती मिली? मी माझं सांगत न्हाई. तुम्ही करा."

"आगं, एक पॉइंट..." म्हणता म्हणता अक्का थांबल्या. पोरीच्या चेहऱ्याकडं बघून थांबल्या. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, बाटली उजेडाकडं फिरवली. ओठ हलले. तळहातावर पेन टेकवून त्यांनी आकडा मांडला. शून्य पॉइंट दोन चार.

मग त्यांनी मान वर केली.

"चालू हाय?"

"बंद केलंय. सत्तावीसच्या वर हाय."

"पोर?"

"खेळतंय."

पुढचं सगळं अक्कांनी केलं आणि एकही शब्द मराठीत बोलल्या नाहीत. ब्युरेट आणि अख्खी नळी काढली, कारण नळीतही औषध होतं. ते पुढं ढकललं तर पोरीच्याच अंगात जाणार. काढलेलं सामान टाकून न देता बाजूला ठेवलं. पोरीची नाडी, श्वास बघितला. डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आले, तरुण होते, पण डोकं थंड. खूण विचारली, हिशेब केला. तीस मिलीत तीनशे म्हणजे मिलीमागं दहा. तीनच्या आत मिली खाली उतरलेले, म्हणजे फार तर तीस मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं नळीतच असणार. पोरीच्या अंगात नेहमीच्या डोसच्या अर्ध्याहून कमीच गेलं होतं. तरी त्यांनी मूत्रपिंडाची रक्ततपासणी लिहिली, लघवी मोजून ठेवायला सांगितली आणि पुढचं अमिकासिन रिपोर्ट येईपर्यंत थांबवलं.

"तपासलं कुणी होतं?" त्यांनी विचारलं.

"मी," अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या. "मी सिरिंज बघितली. बाटली बघितली नाही. न बघताच हो म्हटलं. थांबवलं हिनं."

इनचार्ज सिस्टरनं पाचशेचा खोका ट्रॉलीवरून उचलून वेगळ्या कपाटात ठेवला, त्यावर लाल अक्षरांत ताकद लिहिली आणि वॉर्डाला फर्मान काढलं की उद्यापासून पाळी बदलताना मिलीत बोलायचं नाही. घडलं ते लिहून वर पाठवलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर अंजूला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी मल्लेश्वरीला खाटेजवळ बसून सगळं खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण थोड्या वेळानं अंजू थर्मामीटर घेऊन गेली, तेव्हा तिनं पोरीला उचलून भिंतीच्या बाजूला घेतलं आणि हात मध्ये धरला. नको, असा. अंजूनं चूक पकडली हे तिला सांगितलेलं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर सिरिंज हातात घेतलेली हसरी पोरगीच होती. आईला दोष कसा देणार? अंजूनं दिला नाही. ती थर्मामीटर घेऊन परत फिरली.

दुपारी अक्कांनी डबा उघडलाच नाही. खिडकीशी पाठ करून बसून राहिल्या. अंजू दारापर्यंत गेली, "अक्का" म्हणायला तोंड उघडलं आणि तशीच मागं आली. पाळी संपल्यावर अक्का पिशवी उचलून सरळ निघून गेल्या. रोज जाताना "येते ग" म्हणायच्या. आज नाही.

हॉस्टेलवर त्या संध्याकाळी अंजू गच्चीवर जाऊन बसली. खाली रिक्षा, फळांच्या गाड्या, आपापल्या घरी निघालेली माणसं. आईचा फोन आला. "जेवलीस का?" "व्हय." सांगावं असं फार वाटलं. पण आईला काय सांगणार? पोर वाचलं म्हणावं, तर आपल्याच हातानं मरणार होतं. चूक पकडली म्हणावं, तर आपलीच. आणि एवढं मोठं शहर, त्यात एक माणूस मिळालं होतं, ते मी आज माझ्या तोंडानं घालवलं, हे कुठल्या शब्दांत सांगायचं? "आई, थंडी हाय का तिकडं?" तिनं विचारलं. आई म्हणाली, "हाय की." तिनं फोन ठेवला आणि मनसोक्त रडली. चुकल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त दुःख एकटं पडल्याचं होतं, आणि त्याचीही तिला शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी तिला वॉर्डात जायचं नव्हतं. पण न जाण्याची परवानगी मागायलाही कुणाशी तरी बोलावं लागतं, त्यापेक्षा गेलेलं बरं, म्हणून गेली.

रिपोर्ट आला होता. मूत्रपिंडं ठीक होती. लघवी नीट होत होती. अंजूचा जीव भांड्यात पडला, पण तो आनंद सांगायलाही कुणी नव्हतं. लघवीच्या तपासणीचाही निकाल आला होता; आता अमिकासिनची गरज नाही, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोननं भागेल, असं ठरवून डॉक्टरांनी औषध बदललं होतं.

अक्का ट्रॉलीपाशी उभ्या होत्या. अंजू जवळ गेली. जीपवाला नाही, भाकरी नाही, काही नाही. अक्कांनी एक कोरा कागद मधोमध फाडला, अर्धा तिच्यापुढं ठेवला, अर्धा स्वतः घेतला.

"शैलश्री. तक्ता वाच. बाटली वाच. तुझं तू काढ. मला सांगू नको." त्यांनी बाटली तिच्या हातात दिली, तिनं वाचल्यावर परत घेतली, स्वतः वाचली, ट्रॉलीवर ठेवली आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

पाठ. अंजू त्या पाठीकडं बघत राहिली. कालपर्यंत या बाईच्या खांद्याला खांदा लावून ती हसली होती. आता दोघींच्या मध्ये हातभर अंतर होतं आणि वॉर्डभर रडणारी पोरं असूनही ट्रॉलीपाशी भयाण शांतता होती. डोळे भरून आले, तक्त्यावरची अक्षरं पुसट झाली. तिनं बाहीनं डोळे पुसले आणि हिशेब केला. वजन आठ किलो. सहाशे मिलिग्रॅम. बाटली एक ग्रॅमची, पाणी घालून दहा मिली केलेली, म्हणजे मिलीत शंभर. सहाशे भागिले शंभर. सहा मिली. पुन्हा केला. सहाच. बाटली पुन्हा वाचली, एक ग्रॅमच होती. आज चुकायचं नाही म्हणून तिनं तिसऱ्यांदाही केला. सहा.

अक्का वळल्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले.

अंजू वाट बघत उभी होती. आता अक्का म्हणतील, व्हय ग. एवढंच म्हणावं. बाकी काही नको. काल झालं ते झालं, एकदा तेवढं म्हणावं.

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "चुकलंय तुझं."

त्यांच्या कागदावर तीन होतं.

अक्कांनी तक्ता तिच्याकडं वळवला आणि बोट ठेवलं. "सहाशे कशाचे? वाच."

डॉक्टरांनी लिहिलं होतं, दिवसाचे सहाशे, दोन वेळांत विभागून. तिनं आकडा वाचला होता, बाटली वाचली होती, पण त्या पुढच्या शब्दांवरून नजर भरकन गेली होती. तीनशे सकाळी, तीनशे संध्याकाळी. एका वेळेला तीन मिली.

"दिसलं?"

"दिसलं."

"आता कर पुन्हा. मी म्हणते म्हणून तीन लिहू नको. तुझं तीन आलं तर तीन लिही."

अंजूनं कागद पालटला. सहाशे भागिले दोन. तीनशे भागिले शंभर. आलं तीन. अक्का तिच्या पेनाच्या टोकाकडं बघत होत्या, चष्मा नाकावर, कपाळाला आठ्या, एकेक आकडा वाचत. आणि त्या क्षणी त्या पोरीला जे वाटलं ते विचित्र होतं. चूक दाखवली गेली होती, तरी तिला हलकं हलकं वाटत होतं. घर सोडल्यापासून लोक तिला हसले होते, तिला व्हय म्हणाले होते, यादीवरून मान वर न करता तिला कुठं कुठं पाठवलं होतं. तिनं काय केलंय ते, एक पहिला दिवस सोडला तर, निरखून कुणी बघितलंच नव्हतं.

"कालपासनं बोलला न्हाईत, अक्का," तिच्या तोंडून निघून गेलं. "मला वाटलं तुम्ही मला टाकलंच."

अक्कांनी सिरिंजमध्ये तीन मिली ओढून ती उजेडात धरली, अंजूला दाखवली, दोघींनी बघितली, बाटली दोघींनी पुन्हा वाचली.

"काल रात्रभर जागी हाय मी," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "तुझं लाड करायचं म्हणून व्हय म्हणत गेले, आणि ते लेकरू... माझ्या व्हयाची भीती वाटायलीय मला, पोरी. तुझी न्हाई."

सह्या झाल्या. खाटेपाशी मल्लेश्वरी पोरीला भिंतीकडं घेऊनच बसली होती. अंजू चार पावलं मागं थांबली. औषध अक्कांनी दिलं, सावकाश, घड्याळ बघून. शैलश्रीनं जरा कुरकुर केली आणि गप्प झाली. मल्लेश्वरीनं अक्कांना विचारलं, "एष्टु?" किती?

अक्का बाजूला सरकल्या आणि अंजूकडं बघत थांबल्या.

अंजू पुढं आली. तोडक्या कन्नडमध्ये, कुणी हसेल याची पर्वा न करता, तिनं त्या आईला सगळं सांगितलं: पोरीचं वजन किती, दिवसाचं औषध किती, त्याचे दोन भाग कसे, आणि म्हणून आत्ता किती. आणि हेही सांगितलं, की मी आधी दुप्पट काढलं होतं, अक्कांनी नाही म्हटलं.

मल्लेश्वरी तिच्याकडं बघत राहिली. मग पोरीला तिनं हळूच भिंतीपासून अलीकडं सरकवलं, आणि थर्मामीटरसाठी तिच्या झबल्याचा काखेजवळचा बंद सोडून ठेवला.